यादी फळ्यावर लागण्याआधी

पोरी, मंडळाचा खो-खोचा किशोरी गट यंदापासून तुझ्याकडे आला, हे परवा कळलं. खांबावरचा सूर आणि साखळी खेळ तुला माझ्याइतकाच येतो, त्यावर मी काही बोलणार नाही. मला सांगायचंय ते फक्कीच्या रेषेबाहेर उभ्या राहणाऱ्या माणसांबद्दल. 14 मुली म्हणजे 28 आईबाप, वर आजी-आजोबा आणि एखादा मामा. त्यांच्याशी कधी, कुठे आणि काय बोलायचं हे मोसम सुरू होण्याआधी ठरवून ठेवलं नाहीस, तर ते तुझ्याशी सामना संपल्यावर बोलायला येतील. ती वेळ बोलायची नसते.

माझे गुरुजी सांगायचे, यादी फळ्यावर लागण्याआधी कानावर गेली पाहिजे. त्यांचं तेवढं एक वाक्य मी 31 वर्षं वापरलं. बाकीचं ठेचा खात शिकलो.

पहिली सभा मैदानावर घे. हॉलमध्ये खुर्च्या मांडून घेतलीस तर पालक शाळेच्या पालकसभेला आल्यासारखे बसतात, माना डोलावतात आणि घरी जातात. मैदानावर दोन खांब रोवलेले असावेत, चौकोन आखलेले असावेत. सराव सुरू होऊन आठवडा झाला असेल आणि पहिल्या मैत्रीच्या सामन्याला अजून 15 दिवस असतील, तेव्हा रविवारी सकाळी बोलव. तेव्हा कुणाचीच मुलगी अजून बाहेर बसलेली नसते, म्हणून सगळे नीट ऐकतात. एकदा का यादी लागली की अर्धे पालक तुझा नियम ऐकत नाहीत, त्या नियमात आपली मुलगी कुठे बसते तेवढंच बघतात.

सभेत एक कागद वाचून दाखवायचा, एकाच पानाचा. वाटून मोकळी होऊ नकोस, मोठ्याने वाच, कारण काही आज्यांना वाचता येत नाही आणि त्याच मुलींना रोज मैदानावर आणून सोडतात. त्या कागदावर तीनच गोष्टी असाव्यात: मुलगी किती खेळेल हे कसं ठरतं, रेषेवर कसं वागायचं आणि कुणाकडून कशाची अपेक्षा धरायची. खाली पालकाची सही आणि तुझी पण सही. तुझी सही विसरू नकोस. सही एकट्या पालकाची घेतलीस तर तो कागद नोटीस वाटतो.

आता खेळण्याच्या वेळेचं. इथे मी स्वतः चुकलेलो आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या खेळात 'खेळली' या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि पालकाला ते कुणी सांगत नाही. आक्रमणात नऊच्या नऊ मुली आत असतात, आठ चौकोनात बसलेल्या आणि एक धावणारी. तिथे प्रत्येकीला काम मिळतं. पण संरक्षणात तीन-तीनच्या तुकड्या जातात. किशोरी गटात पाळी 7 मिनिटांची. पहिल्या तुकडीने साडेतीन मिनिटं काढली आणि दुसरीने तेवढीच, तर तिसरी तुकडी दोरीपाशी उभी राहून सामना बघते. ती मुलगी यादीत असते, नऊ जणींत असते, आणि तरी पळत नाही.

एका वर्षी एका मुलीचे वडील आले. गिरणीत कामाला, पाळी बदलून सामना बघायला यायचे. म्हणाले, ''सर, तीन सामने झाले, माझी पोरगी एकदाच पळाली.'' मी म्हणालो, ''दादा, तिन्ही सामन्यांत ती नऊ जणींत होती.'' ते काही बोलले नाहीत, सायकलला टेकून उभे राहिले. घरी जाऊन मी गुणपत्रिका काढल्या. ती तिन्ही वेळा तिसऱ्या तुकडीत होती. तीन सामन्यांत मिळून ती 1 मिनिट 10 सेकंद पळाली होती. मी बोललो ते खरं होतं आणि त्यांनी बघितलं तेही खरं होतं. फरक एवढाच की त्यांनी रेषेवर उभं राहून मोजलं होतं आणि मी मोजलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी गिरणीच्या फाटकावर जाऊन मी त्यांना तो आकडा सांगितला, आणि पुढच्या मैत्रीच्या सामन्यात पोरगी पहिल्या तुकडीत जाईल असंही सांगितलं. ती 48 सेकंदांत बाद झाली. वडिलांनी पुन्हा कधी तक्रार केली नाही. पोरीला आधी कुणाच्या मागून वळायचं ते शिकायचंय, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तेव्हापासून मी वेळ तीन वेगवेगळ्या खणांत मांडायला लागलो. सरावात सगळ्या सारख्या, कुणी उजवी-डावी नाही. मैत्रीच्या सामन्यांत ठरलेला वाटा. आणि तालुका, जिल्हा अशा नोंदणीच्या स्पर्धेत पूर्ण निवड माझी, तिथे कुणाला एकही सेकंद कबूल नाही. हे तिन्ही खण पालकांना पहिल्या सभेत वेगवेगळे करून सांग. बहुतेक भांडणं होतात ती सरावाचा न्याय स्पर्धेला लावल्यामुळे.

मैत्रीच्या सामन्याचा वाटा कसा काढायचा, ते बघ. तुझ्याकडे 14 मुली आहेत. स्पर्धेआधी तीन मैत्रीचे सामने घेशील. एका सामन्यात आपले दोन डाव, प्रत्येक डावात नऊ जागा, म्हणजे 18. तीन सामन्यांच्या 54 जागा झाल्या. डावामध्ये मुली बदलायला समोरच्या मंडळाची आधी संमती घे, मैत्रीच्या सामन्याला कुणी नाही म्हणत नाही. आता 14 जणींना प्रत्येकी तीन डाव पक्के दिलेस तर 42 जागा गेल्या. उरल्या 12. त्या तुझ्या मर्जीच्या, जिला अजून घासून बघायचंय तिला दे. आणि त्या तीन डावांपैकी एकदा तरी प्रत्येक मुलगी पहिल्या तुकडीत गेली पाहिजे, हे कागदावर लिही. 54 जागांपैकी पहिल्या तुकडीच्या 18 असतात, त्यामुळे ते बसतं. मुली 18 च्या वर गेल्या तर बसणार नाही, मग सामना वाढव, नाहीतर वचन कमी कर. पाळता येणार नाही असा आकडा सभेत बोलू नकोस.

त्यासाठी एक वही ठेव. शंभर पानी साधी वही पुरते. प्रत्येक सामन्याला एक पान: मुलीचं नाव, कोणत्या डावात आत, कितवी तुकडी, किती सेकंद पळाली, किती गडी मारले, किती फाउल. तुकड्यांचा क्रम गुणलेखकाकडे आधी द्यावाच लागतो, तोच उतरवून घ्यायचा. सेकंद मोजायला राखीव मुलींपैकी एकीला घड्याळ दे. तिलाही काम मिळतं आणि तिसऱ्या तुकडीत उभं राहणं म्हणजे काय हे तिला कळतं. वही पालकाला दाखवायची, पण त्याच्या मुलीची ओळ तेवढीच. बाकीच्या ओळींवर कोरा कागद ठेव. ''त्या अमक्याची मुलगी किती पळाली'' असं कुणी विचारलं तर शांतपणे सांग, ''काका, तिच्या बाबांशी मी तिच्याबद्दल बोलते, तुमच्याशी तुमच्या मुलीबद्दल.''

स्पर्धेची यादी लागते त्याच्या आदल्या संध्याकाळी आत न घेतलेल्या मुलींना एकेकीला बोलाव. आपल्याकडे यादी 12 जणींची, म्हणजे तुझ्या 14 मधल्या दोघी बाहेर राहतील आणि 12 मधल्या तिघी राखीव. पाच मुली झाल्या. पाचही जणींशी आधी बोल, मग त्याच रात्री त्यांच्या घरी फोन कर. क्रम महत्त्वाचा आहे. मुलीला आधी, पालकाला नंतर, फळ्यावर सर्वांत शेवटी. कारण सांगताना ''अजून तयार नाही'' असं मोघम बोलू नकोस. ''बसलेली असताना टाच उचलून ठेवते, त्यामुळे उठायला उशीर होतो. रोज 20 खो घेऊन बसणं-उठणं करू, तीन आठवड्यांनी परत बघू,'' असं सांग. पालकाला कारण कळलं आणि तारीख कळली की रागाला धरायला जागा उरत नाही. आणि ती तारीख तू पाळ.

आता रेषेचं. पोरी, दुसऱ्या खेळात आरडाओरडीने लक्ष विचलित होतं. आपल्या खेळात आवाज हाच खेळाचा भाग आहे. मागून पाठीवर हात आणि त्याच वेळी मोठ्याने ''खो'', एवढ्यावर चौकोनातली मुलगी उठते. तिला मागचं दिसत नाही. ती कानाने खेळते. आणि नेमका तोच शब्द रेषेवरून तिचे वडील ओरडले तर?

तालुक्याच्या अंतिम सामन्यात माझ्या डोळ्यांसमोर झालंय. शेवटचं दीड मिनिट, आम्ही आक्रमणात, एक गुण हवा होता. पाचव्या चौकोनात बसलेल्या मुलीचे वडील लॉबीला चिकटून उभे. रनर समोरून गेली तसे ते ओरडले, ''खो दे, खो दे तिला!'' धावणारी मुलगी अजून दोन हात मागे होती. पाचव्या चौकोनातली पोरगी तो शब्द ऐकून उठली. पंचांची शिट्टी. खो मिळण्याआधी उठली म्हणून फाउल, धावणारीला उलट्या दिशेला जावं लागलं, तेवढ्यात रनर दुसऱ्या खांबापाशी पोचली. आम्ही एका गुणाने हरलो. मुलगी नंतर चार दिवस सरावाला आली नाही, आणि वडील आठवडाभर माझ्या समोर आले नाहीत. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला लॉबीपासून लांब उभं करायला हवं होतं आणि कारण आधी सांगायला हवं होतं. ते काम माझं होतं.

म्हणून पहिल्या सभेत हे बोलून दाखवू नकोस, करून दाखव. दोन मुली चौकोनात बसव, पालकांना रेषेवर उभं कर आणि एका काकांना सांग की वाटेल तेव्हा ''खो'' म्हणा. मुलगी फसून अर्धी उठते. बघणाऱ्यांना मग नियम समजावावा लागत नाही. आयांना तर एकदा चौकोनातच बसव, पाठ रिकामी ठेवून. मागून कधी हात पडेल ते कळत नाही, तेव्हा कान कसे टवकारले जातात ते त्यांना स्वतःला कळू दे.

मग फक्कीने एक वेगळी रेषा मार. लॉबी दीड मीटरची असते, तिच्या बाहेर आणखी मोठी पाच पावलं मोजायची आणि तिथे पालकांची रेषा. दोन्ही खांबांच्या मागे कुणी नको, तिथे मुली सूर मारून बाहेर येतात. जिथे पळणाऱ्या तुकड्या थांबतात त्या बाजूलाही कुणी नको. तीनही जणी बाद झाल्या की पुढच्या तुकडीला दोन खो व्हायच्या आत मैदानात जावं लागतं, नाहीतर मुलगी न पळताच बाद. एका आईने तेवढ्यात मुलीला पाणी दिलं, वेणी सारखी केली, आणि पोरगी आत जायची राहिली. आईचा जीव तो, पण त्याची जागा ती नव्हे.

रेषेचा नियम सोपा ठेव. खेळ चालू असताना शब्द नाही, शिट्टी झाली की टाळी हवी तेवढी. टाळी दोन्ही संघांना. नाव घेऊन हाक नाही, दिशा सांगणं नाही. पंचांशी फक्त तू बोलायचं, तेही पाळी संपल्यावर. प्रत्येक सामन्याला एका पालकाकडे रेषा सोपव. जो जास्त बोलतो त्याच्याकडेच पहिल्यांदा दे. दुसऱ्याला गप्प करताना माणूस स्वतः गप्प होतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

तरीही कुणीतरी ओरडेल. पहिल्या वेळी मैदानातून हाक मारू नकोस. पाळी संपली की चालत जा, खांद्याला खांदा लावून उभी राहा, मैदानाकडे बघत हळू आवाजात सांग, ''दादा, तिला तुमचा आवाज ओळखू येतो, म्हणून ती फसते.'' बस्स. दुसऱ्या वेळी शाळेच्या पायरीवर बसून सामना बघायला सांग. तिसऱ्या वेळी पुढचा सामना बघायला यायचं नाही, आणि हे कागदावर आधीच लिहिलेलं असलं पाहिजे. पण एक गोष्ट कधी करू नकोस: बापाच्या तोंडासाठी पोरीला बाहेर बसवू नकोस. काही प्रशिक्षक करतात. त्या मुलीचं दोन्हीकडून जातं.

बिघडतंय हे तुला कुणी येऊन सांगणार नाही. ते मुलीच्या मानेकडे बघून कळतं. खो देण्याआधी किंवा बाद झाल्यावर तिची मान आधी रेषेकडे वळत असेल तर घरी सामन्याची उजळणी चाललीय असं समज. अशा घरी एकदा चहाला जा. ''सामन्यानंतर घरी पोचेपर्यंत तिच्याशी खेळाबद्दल बोलू नका, तिने विषय काढला तर ऐका,'' एवढंच मागणं कर. गाडीवर मागे बसलेली मुलगी वाटभर ऐकून घेते, तिला उतरूनही जाता येत नाही.

बोलण्याची वेळ ठरवून दे. सामना संपल्यावर त्या दिवशी कुणाशीही खेळण्याच्या वेळेवर बोलायचं नाही, तूही नाही. एक रात्र मधे जाऊ दे. दुसऱ्या दिवशी सरावाआधी अर्धा तास तू पारावर बसलेली असशील, ज्याला यायचं त्याने यावं. पार कशासाठी, तर सगळ्यांना दिसतं पण ऐकू जात नाही. बोलणं संपताना मुलीला बोलाव आणि ठरलेलं तिच्यासमोर एकदा म्हण, म्हणजे घरी वेगळी गोष्ट तयार होत नाही. बोलायला विषय कोणते, तर मुलीचा खेळ, दुखापत, शाळा, तिच्याशी कुणी कसं वागलं, अगदी तू कशी वागलीस तेही. तुकड्यांचा क्रम कसा लावायचा आणि दुसऱ्याची मुलगी, हे दोन विषय पारावर नाहीत. दुखापत मात्र रात्र बघत नाही. गुडघा सोलला तर सरावानंतर सांगितलं तरी चालतं, पण डोकं आपटलं, हात सुजला, चक्कर आली, तर त्याच क्षणी घरी फोन, दुसऱ्या पालकाकडून कळायच्या आत.

व्हॉट्सअॅपचा गट ठेव, पण निरोप फक्त तुझेच जातील अशी सोय करून. किती वाजता, कोणती गाडी, डबा आणायचा की नाही, एवढंच. रात्री नऊनंतर उत्तर देऊ नकोस. सामन्यावरची एक ओळ त्या गटात पडली की दुसऱ्या दिवशी पारावर बोलण्यासारखं काही उरत नाही. आणि मुलींच्या आयांना तुझा नंबर वेगळा दे. पाळीच्या दिवसांत काय करायचं, हे त्या गटात विचारत नाहीत आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्याला तर कधीच विचारलं नाही. माझ्या कितीतरी मुली त्या दिवसांत पोटदुखी सांगून घरी राहिल्या. तुझ्याकडे तसं होऊ नये.

राहिलं अपेक्षांचं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, आपले पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. त्याचा मला केवढा आनंद झाला, ते तुला सांगायला नको. पण त्यानंतर मैदानावर येणाऱ्या पालकांच्या बोलण्यात फरक पडलाय. टीव्हीवर जो खेळ दिसला त्यात सात जणी, मॅट, आणि वजीर. वजीर कुठल्याही दिशेला वळू शकतो. आपल्या किशोरी सामन्यात एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही. पण रेषेवरची आई ''मागे फिर, मागे!'' ओरडते, कारण तिने टीव्हीवर तसं बघितलंय. तिला नियम माहीत नाही यात तिचा दोष नाही. सभेत या दोन खेळांतला फरक दहा मिनिटं काढून सांग.

दुसरी अपेक्षा दहावीच्या सवलतीच्या गुणांची आणि सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणाची. गरिबाच्या घरात ही अपेक्षा चूक नाही, तिला हसू नकोस. पण 12 वर्षांच्या मुलीच्या बापाला त्यातलं काहीही कबूल करू नकोस. कोणती स्पर्धा धरतात, कितवा क्रमांक लागतो, ते सरकारच्या आदेशात असतं आणि आदेश बदलतात. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा, असं सांग. तू या वर्षी काय देणार ते मात्र ठाम सांग: बसायची-उठायची पद्धत, स्वच्छ खो, खांबावर वळणं, आणि तीन सामन्यांत तीन डाव. सूर शिकवायला मी दिवाळीपर्यंत थांबायचो, तोवर माती खणून भुसभुशीत झालेली असायची आणि मुलींचे खांदे तयार झालेले असायचे. ''सूर कधी शिकवणार'' हा प्रश्न तुला पहिल्याच आठवड्यात येईल, उत्तर तयार ठेव.

आणि त्यांच्याकडून काय हवंय तेही स्पष्ट माग. वेळेवर सोडणं, वेळेवर न्यायला येणं, पाण्याची बाटली, जन्माचा दाखला आणि आधारची प्रत एकदाच पण वेळेत, परीक्षेची तारीख महिनाभर आधी. अंधार पडल्यावर शेवटची मुलगी घरी जाईपर्यंत तू थांबतेस, तुझ्यासोबत एक पालक आळीपाळीने थांबला पाहिजे. हे मी फार उशिरा सुरू केलं. त्या अर्ध्या तासात पालकांशी जितकं मोकळं बोलणं झालं, तितकं सभांमध्ये झालं नाही.

सभा रविवारी सात वाजता ठेव, ऊन चढायच्या आत. फक्कीची अर्धी पिशवी आणि मोजायची दोरी माझ्या ओसरीवर आहे, शनिवारी संध्याकाळी येऊन घेऊन जा. कागदाचा मसुदा पण आण, मोठ्याने वाचून बघू. तो वाचायला पाच मिनिटांच्या वर लागला तर आपण त्यातलं काहीतरी काढू.